रिळावरचा ‘±’ काय सांगतो?

थ्रीडी प्रिंटरच्या पीएलए फिलामेंटच्या रिळावर ‘१.७५ ± ०.०५ मिमी’ असं छापलेलं असतं. फरक केसाएवढा, पण प्रिंटर तार लांबीवर मोजून ढकलतो, जाडी त्याला कळतच नाही. तार १.८० भरली, तर प्लास्टिक जवळपास ६ टक्के जास्त पडतं आणि भिंती फुगतात. ± ०.०२ असेल तर हीच चूक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास राहते.

खरंखोटं कॅलिपर सांगतो. मीटरभर अंतराने, आडवं-उभं दोन्हीकडून मोजावं. मापं जुळली नाहीत तर तार गोल नाही.

‘१९०–२२० अंश’ हा पट्टा सुरुवातीपुरता. वेगाने छापायचं तर वरच्या टोकाकडे सरकावं लागतं. ‘अतिमजबूत’च्या शेजारी चाचणीचा आकडा नसेल तर ती निव्वळ जाहिरात. ‘जैवविघटनशील’ हेही अर्धसत्यच: पीएलए घरच्या खतखड्ड्यात सहसा कुजत नाही, त्याला औद्योगिक कंपोस्टची साठेक अंशांची ऊब लागते.