वाय-फाय ज्याचं त्याचं, फायबरची वाट सोसायटीची

रात्री नऊच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नेट गेलंय का?’ असा प्रश्न पडला, की पाठोपाठ एक सूचना हमखास येते. सगळ्यांनी मिळून एकच मोठं कनेक्शन घेऊ, प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ राउटर लावू आणि खर्च मेंटेनन्समध्ये टाकू. कमिटीकडे तसा अर्जही जातो आणि तिथेच पडून राहतो. खरं तर त्या अर्जात मागणीच चुकीची असते. तक्रार मात्र खरी असते, म्हणूनच तो अर्ज नीट लिहायला हवा.

उदाहरणासाठी दोन विंगची, सात मजल्यांची, मजल्यावर चार घरं असलेली इमारत घेऊ. एकूण ५६ फ्लॅट झाले. सोसायटीने ३०० एमबीपीएसचं एक कनेक्शन घेतलं आणि सगळी घरं एकदम नेटवर आली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाच एमबीपीएस येतात. एचडी सिनेमा पाहायला साधारण तेवढेच लागतात. मुलाचा ऑनलाइन क्लास आणि आईचा व्हिडिओ कॉल एकाच वेळी सुरू झाला, की वाटा संपला. सगळी घरं सतत पूर्ण वेग मागत नाहीत हे खरं, पण रात्री नऊला बरीच मागतात. शिवाय जिन्यातल्या राउटरचा सिग्नल आरसीसीची भिंत आणि लोखंडी सेफ्टी डोअर ओलांडून आतल्या खोलीत पोहोचेपर्यंत पार क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मजल्यामजल्यावर राउटर वाढवले की ते एकमेकांच्याच आड येतात.

याहून मोठी अडचण जबाबदारीची आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वाय-फायवरून गेला होता. त्या घरात राहणाऱ्या परदेशी नागरिकाला आपला काही संबंध नसताना चौकशीला तोंड द्यावं लागलं. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. ५६ घरांचा वापर एकाच नावाच्या कनेक्शनवरून होत असेल, तर पोलिसांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला सेक्रेटरीच उभे राहणार. बिनपगारी काम करणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे घालणं योग्य नाही.

मग सोसायटीने करायचं काय? कनेक्शन ज्याने त्याने आपल्या नावावर घ्यावं आणि सोसायटीने फक्त वाट बांधावी. इमारतीच्या दारापासून प्रत्येक फ्लॅटपर्यंत फायबरची पक्की तार सोसायटीच्या मालकीची असावी. कोणती कंपनी घ्यायची, हे मात्र घरमालकाने ठरवावं.

आज बऱ्याच जुन्या इमारतींत याच्या नेमकं उलट असतं. प्रत्येक कंपनीचा माणूस येतो, गच्चीच्या कठड्याला भोक पाडतो, बाहेरच्या भिंतीवरून वायर सोडतो आणि निघून जातो. कनेक्शन बंद झालं तरी वायर लटकत राहते आणि पावसाळ्यात त्याच भोकातून वरच्या मजल्यावर ओल येते. काही ठिकाणी गच्चीवरच्या पेटीत विजेवर चालणारा स्विच असतो. विंगची वीज गेली की तो बंद पडतो आणि घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं.

आता घरोघरी जी फायबरची पद्धत आहे, तिच्यात हा दोष नाही. कंपनीच्या केंद्रातून येणारा एक धागा इमारतीतल्या स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीत ३२ वाटांना फुटतो. ही डबी प्रकाश फक्त वाटते, तिला वीज लागत नाही. एका विंगच्या २८ घरांना एक डबी पुरते आणि चार वाटा शिल्लक राहतात. एका धाग्यावर सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट येतात. म्हणजे २८ घरं एकदम तुटून पडली, तरी प्रत्येकाला ८५ एमबीपीएसच्या वर मिळू शकतात. अर्थात पुढे कंपनीने स्वतःच्या केंद्रात पुरेशी क्षमता ठेवलेली असेल तरच.

सोसायटीने अर्जात मागायची खरी गोष्ट म्हणजे दोन धाग्यांची तार. प्रत्येक फ्लॅटपर्यंत दोन धागे नेले, की एक एका कंपनीच्या डबीला आणि दुसरा दुसऱ्या कंपनीच्या डबीला जोडता येतो. कंपनी बदलायची तर तळमजल्यावरच्या पेटीत फक्त जोडणी बदलते, भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये इमारतींमधल्या प्रवेशाविषयी शिफारशी करताना एकाच कंपनीला मक्तेदारी देणाऱ्या करारांना विरोध केला होता. ‘फुकट वायरिंग करून देतो, पण दुसऱ्या कुणाला आत घेऊ नका’ असा प्रस्ताव आला, तर कमिटीने तो नाकारावा. त्या फुकटची किंमत रहिवासी पुढे कित्येक वर्षं बिलातून भरत राहतात.

काम करताना तार विजेच्या डक्टमधून न नेता वेगळ्या पाइपमधून न्यावी, म्हणजे नेटच्या माणसाला विजेचं झाकण उघडावं लागणार नाही. वेष्टन जळताना कमी धूर सोडणारं असावं. स्लॅबमधली भोकं आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवावीत, नाहीतर खालच्या मजल्यावरचा धूर त्याच वाटेने वर चढतो.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी मात्र व्हायलाच हवी. काही घरांत लॅपटॉपला थेट लॅनची वायर जोडून वेग मोजायचा आणि मग तोच वेग बेडरूममध्ये वाय-फायवर मोजायचा. वायरवर ९५ आणि बेडरूममध्ये १२ आकडा आला, तर दोष इमारतीच्या तारेचा नाही, राउटर शू-रॅकमागे ठेवल्याचा आहे. तिथे नवा फायबर टाकून काहीही सुधारणार नाही. वायरवरही रात्री वेग कोसळत असेल, तरच पुढची पायरी.

अर्ज छोटा असला तरी चालतो.

‘मा. सेक्रेटरी यांस सप्रेम नमस्कार. दोन्ही विंगमधील दहा घरांत दुपारी आणि रात्री मोजलेला इंटरनेटचा वेग सोबत जोडला आहे. रात्री वायरवरही वेग निम्म्याखाली येतो. तरी (१) सध्या इमारतीत असलेल्या सर्व वायरींची पाहणी करावी, (२) प्रत्येक फ्लॅटपर्यंत दोन धाग्यांची फायबर तार सोसायटीच्या मालकीने टाकण्यासाठी तीन कोटेशन मागवावीत, (३) हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा. मासिक बिल ज्याचे त्याने भरायचे असून सोसायटीवर त्याचा बोजा नाही.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नेट न वापरणाऱ्या ज्येष्ठ सभासदाचा विरोध बहुधा दरमहा खर्चाला असतो. एकदाच होणारा, इमारतीच्या मालमत्तेत भर घालणारा खर्च सभेत समजावून सांगता येतो. कायद्याप्रमाणे ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते आणि नोटीस त्याआधी निघते. त्यामुळे अर्ज जुलैत कमिटीच्या हाती पडलेला बरा.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराचं शेवटचं बिल लगेच चुकतं करू नये. आधी प्रत्येक फ्लॅटच्या टोकाला मीटर लावून प्रकाशाची पातळी मोजून घ्यावी. आकडा उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर तार ठीक आहे. उणे २७ च्या पलीकडे गेला, तर कुठेतरी तार जास्त वाकली आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि त्या घरात मोडेमवर लाल LOS दिवा लागत राहील. दोन्ही टोकांना फ्लॅट नंबरची चिठ्ठी आणि ५६ आकड्यांचा तक्ता सेक्रेटरींच्या फाइलमध्ये आला, की मग चेकवर सही करावी.