साठ अंशांची ओढाताण

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात एक गणित हमखास भेटतं. तांब्याच्या नळीतून पोलादाचा गज घातलेला, गजाच्या दोन्ही टोकांना आटे, वर जाड वॉशर आणि नट. नट हातानेच टेकतील इतके फिरवलेले, म्हणजे सुरुवातीला कुणावरच जोर नाही. मग सगळं एकत्र तापवायचं आणि विचारायचं, की गजात किती स्ट्रेस आला आणि नळीत किती. बाहेरून कुणी ढकलत नाही, वजन टांगलेलं नाही, तरी दोन्ही धातू आतल्या आत एकमेकांशी झगडू लागतात.

झगड्याचं कारण साधं आहे. तापमान एक अंशाने वाढलं की एक मीटर पोलाद सुमारे १२ मायक्रॉन लांबतं, तांबं सुमारे १७. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे फरक क्षुल्लक वाटतो. पण आपल्या जोडणीची लांबी एक मीटर धरू आणि तापमान २० वरून ८० अंशांवर नेऊ. साठ अंशांत पोलादाला ०.७२ मिलिमीटर वाढायचं असतं, तांब्याला १.०२. मधला फरक ०.३० मिलिमीटर, आणि सगळी गोष्ट या फरकाची आहे. दोघांची टोकं वॉशरने बांधलेली असल्यामुळे आपापल्या मर्जीने कुणालाच वाढता येत नाही. तीन पायांच्या शर्यतीत जसं चपळ गडी मागे खेचला जातो आणि संथ गडी पुढे ओढला जातो, तसं तांबं दाबलं जातं आणि पोलाद ताणलं जातं. शेवटी दोघांची लांबी मधे कुठेतरी एकच होते.

ती नेमकी कुठे, हे दोन गोष्टींवरून ठरतं. पहिली, गज जितक्या बळाने ताणला जातो तितक्याच बळाने नळी दाबली जाते. बाहेर तिसरं कुणी नसल्यामुळे हिशोब आपसातच मिटायला हवा. दुसरी, पोलादाची ताणून झालेली वाढ आणि तांब्याची दाबून झालेली घट मिळून बरोबर ०.३० मिलिमीटर भरली पाहिजे.

आता मापं घेऊ. गजाचा व्यास २० मिलिमीटर, नळीचा बाहेरचा ४० आणि आतला ३०. गजाचा छेद ३१४ चौरस मिलिमीटर भरतो, नळीचा ५५०, म्हणजे गजाच्या पावणेदोन पट. बळ सारखंच असल्याने पोलादातला स्ट्रेस तांब्यातल्याच्या पावणेदोन पट असणार, हे आकडेमोड न करताही दिसतं. उरला प्रश्न प्रत्येकाच्या ताठरपणाचा. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तांब्याचा १,१०,०००. तांब्यातला स्ट्रेस ‘त’ मानला, तर दुसरी अट अशी लिहिता येते:

१.७५ त ÷ २,००,००० + त ÷ १,१०,००० = ०.३० ÷ १०००

उत्तर येतं: तांब्यात सुमारे १७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब, पोलादात सुमारे २९ ताण. पडताळा घेणं सोपं आहे. २९ च्या ताणाने पोलाद आणखी ०.१५ मिलिमीटर वाढतं, म्हणून एकूण ०.८७. तांबं १.०२ मधून ०.१५ मागे येतं, तेही ०.८७. दोघं एका रेषेत आली की उत्तर बरोबर. विद्यार्थी या पायरीला कंटाळतात, पण चिन्हांची गफलत झालेली असली तर ती इथेच पकडली जाते. दोन्ही धातू एकत्र तापून वाढलेत म्हणून दोन्हींत ताण आहे, असं वाटणं ही नेहमीची चूक. तांबं लांबलेलं असूनही दाबाखाली आहे, कारण त्याला जितकं लांबायचं होतं तितकं लांबू दिलेलं नाही.

या १७ आणि २९ ला लहान समजू नका. नटांवर येणारं बळ सुमारे ९,२०० न्यूटन आहे, म्हणजे जवळजवळ ९४० किलोचं ओझं. तरीही हे सौम्यच म्हणायचं. हाच गज एकटा, अजिबात न हलणाऱ्या दोन भिंतींत घट्ट बसवून ६० अंश तापवला असता, तर त्यात १४४ चा दाब आला असता. इथे तांबं स्वतःही वाढतं आणि वर दबतंही, म्हणून त्रास बराच कमी होतो.

लांबीचा या हिशोबात काही वाटा नाही. जोडणी दोन मीटरची केली तर फरकही दुप्पट होतो आणि तो पचवायला धातूही दुप्पट लांब मिळतो; स्ट्रेस तोच. जाडीचं मात्र तसं नाही, आणि मला हा भाग सर्वांत मजेदार वाटतो. गजाचा व्यास अर्धा, १० मिलिमीटर करून पाहा. बळ ९,२०० वरून ३,७०० न्यूटनवर उतरतं, पण ते एक चतुर्थांश छेदावर येतं, म्हणून गजातला ताण २९ वरून ४८ वर चढतो. नळीतला दाब मात्र १७ वरून ७ वर येतो. बारीक गजाची बाजू दुबळी, म्हणून त्यालाच जास्त झुकावं लागतं.

आता त्या ‘एकत्र तापवली’ या शब्दांकडे वळू, कारण वर्कशॉपमध्ये गणित इथे फसतं. भट्टीत हळूहळू तापवलं तर दोन्ही धातू साधारण सोबत तापतात. पण बाहेरून ज्योत मारली, तर नळी आधी तापते आणि आतला गज, मधल्या हवेच्या पोकळीमुळे, मागे राहतो. समजा एका क्षणी नळी ६० अंशांनी तापली आहे आणि गज फक्त १० अंशांनी. तांब्याला हवेत १.०२ मिलिमीटर, पोलादाला फक्त ०.१२. फरक ०.९०, म्हणजे आधीच्या तिप्पट. म्हणून स्ट्रेसही तिप्पट: तांब्यात सुमारे ५०, पोलादात ८८. पुढे गज तापला की हे आकडे खाली येतात, पण मधल्या त्या काही मिनिटांत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

साध्या पोलादाला ८८ काहीच नाही. त्याला कायमचं ताणायला २५० च्या पुढे जावं लागतं. तांब्याचं मात्र ते कसं तयार केलं त्यावर अवलंबून आहे. कडक ओढलेली नळी ५० सहज सोसते. लाल होईपर्यंत तापवून मऊ केलेलं तांबं तिसाच्या थोडं पुढेच कायमचं दबू लागतं. अशी नळी थोडीशी आखडते आणि थंड झाल्यावर मूळ लांबीवर परत येत नाही. गज मात्र मूळ लांबीवर येतो. म्हणजे आधी टेकलेले नट आता बोटाने फिरतात, आणि नळी दबली होती याचा तो सरळ पुरावा आहे. टोकं नटांऐवजी वेल्डने पक्की असती, तर सैलपणाला वावच उरला नसता. थंडपणी आखूड झालेली नळी ताणात आणि गज दाबात, अशी उलटी स्थिती कायम राहिली असती.

सैल नट दिसला की हात आपोआप पाना शोधतो. इथे तसं करणं बहुधा नडतं. नळी ०.१० मिलिमीटर आखडली असेल, तर पुढच्या वेळी हळूहळू एकत्र तापवताना पहिले २० अंश दोन्ही धातू मोकळे वाढतात आणि स्ट्रेस फक्त उरलेल्या ४० अंशांचा येतो: तांब्यात ११, पोलादात २०. नट थंडपणी आवळला, तर ही मोकळीक जाते, आणि पुढच्या ज्योतीला तीच नळी पुन्हा थोडीफार आखडते.