सोलर पॅनेलच्या सांध्यात पांढरी भुकटी?

रायपूरच्या गुढियारीत गच्चीवर सोलर पॅनेल बसवताय? ॲल्युमिनियमची चौकट थेट लोखंडी अँगलवर आवळू नका. पावसाचं पाणी सांध्यात साचलं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी ही त्याची खूण.

अँगल गॅल्वनाइज्ड घ्या. साधा असेल तर त्याला प्रायमर आणि रंग द्या. नुसतं ॲल्युमिनियम रंगवलं, तर ओरखडा पडेल तिथेच सगळी झीज एकवटते.

मध्ये ईपीडीएम रबराची चकती ठेवा. नट-बोल्ट आणि वॉशर ३०४ स्टेनलेसचे वापरा. मोठ्या चौकटीला लहानशा बोल्टचा त्रास फारसा होत नाही. रबरामुळे चौकट अँगलपासून वेगळी पडते, म्हणून तिला अर्थिंगची तार मात्र स्वतंत्र जोडून घ्या.