मीटिंग अडखळते ती कशामुळे?

व्हिडिओ मीटिंगमध्ये आवाज तुटू लागला की अनेक जण इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतात. पण एका मीटिंगला साधारण ३ ते ४ एमबीपीएस वेग पुरतो. अडचण बहुधा जिटरची (डेटाचे तुकडे कमीअधिक उशिराने पोहोचणे) असते.

वायफायचे चॅनेल अरुंद पुलासारखे असते. एका वेळी एकच गाडी जाते, बाकीच्या थांबतात. घरातले फोन, टीव्ही आणि त्याच चॅनेलवरचे शेजाऱ्यांचे राउटरही त्या रांगेत असतात. मोठ्या प्लॅनने हा पूल रुंद होत नाही. केबलवर मात्र ही रांग नसते.

म्हणून एका जागी राहणारी साधने, म्हणजे कामाचा संगणक आणि टीव्ही, केबलला जोडावीत. फोन, टॅबलेट वायफायवर ठेवावेत. राउटर हॉलमध्ये आणि टेबल दोन भिंतींपलीकडे असेल, तर १५ मीटरची कॅट-६ केबल सहसा पुरते.

खर्चाआधी विंडोज संगणकावर वायफाय जोडून राउटरचा पत्ता तपासावा, उदाहरणार्थ:

```
ping -t 192.168.1.1
```

उत्तरे ३-४ मिलिसेकंदांवरून वारंवार १००च्या वर जात असतील, तर दोष वायफायचा. ती स्थिर असूनही आवाज तुटत असेल, तर दोष बहुधा घराबाहेरच्या जोडणीत असतो.