तिरकिटची खूण

ताल म्हणजे नुसता वेग नव्हे. वेग म्हणजे लय. ताल हे ठरावीक मात्रांचं आवर्तन, जे समेवर संपतं आणि समेवरच सुरू होतं. आपण विलंबित एकतालच घेऊ. मात्रा बारा:

धिं धिं धागे तिरकिट तू ना
कत् ता धागे तिरकिट धी ना

समजा, एका मात्रेला चार सेकंद लागतात. म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. दोन ‘धिं’मधली चार सेकंदांची शांतता नेमकी मोजणं आपल्याला जमत नाही, अंदाज चुकतोच. म्हणून तबलजी मनात प्रत्येक मात्रेचे चार भाग करतो. एकेक सेकंद सांभाळणं सोपं. चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर हे भाग उघड ऐकू येतात: ति-र-कि-ट.

पण तिरकिट दोनदा येतं, मग गायकाला सम कशी कळणार? पुढचा बोल ऐकायचा. ‘तू’ला डग्गा गप्प असतो, म्हणजे सम अजून लांब. ‘धी’ला डग्गा घुमला, की ‘ना’नंतर सम आलीच.

गडबड होते ती तानांच्या वेळी. गायकाच्या जोरानं तबलजीचा हात ओढला जातो. घड्याळ लावून पाहा, आवर्तन चव्वेचाळीसवर आलेलं असतं. ख्यालात लय हळूहळू वाढतेच, ते चालतं; पण वाढवायची गायकानं. आमच्या मते चांगला तबलजी अशा वेळी भरीचे बोल कमी करतो आणि साधा ठेका धरून बसतो.