पिठाच्या गिरणीचा घसारा

गिरणीचं यंत्र 90,000 रुपयांना घेतलं, बसवायला 10,000 लागले. घसारा 1,00,000 वर काढायचा. बसवण्याचा खर्च विसरणारे पुष्कळ. दर 10 टक्के. खरेदी 1 ऑक्टोबरची, म्हणून 31 मार्चला सहा महिन्यांचे 5,000, दोन्ही पद्धतींत सारखेच.

फरक दुसऱ्या वर्षी दिसतो. स्थिर हप्ता पद्धतीत मूळ किमतीवर 10,000. ऱ्हासमान शेष पद्धतीत उरलेल्या 95,000 वर 9,500, पुढच्या वर्षी 8,550. ही बाकी शून्यावर कधीच येत नाही.

रोजकीर्दीतल्या नोंदी मात्र त्याच, बदलते ती फक्त रक्कम:

घसारा खाते नावे 9,500
 यंत्र खात्याला 9,500

नफा-तोटा खाते नावे 9,500
 घसारा खात्याला 9,500

दुसरी नोंद राहिली, तर घसारा खातं उघडंच राहतं.