पासवर्ड भरताना ब्राउझर गप्प का बसतो?

ई-मेल, वीजबिल, खरेदीची दुकाने, सगळीकडे ब्राउझर आपणहून विचारतो की पासवर्ड जतन करायचा का, आणि पुढच्या वेळी तो स्वतःच भरून देतो. पण बँकेच्या लॉगिन पानावर गेलात की तो गप्प. ना विचारणा, ना भरणे. किंवा कालपर्यंत भरत होता आणि आज रिकामा चौकोन समोर आहे. अशा वेळी बहुतेक खातेदार एकच गोष्ट करतात: पासवर्ड आठवून किंवा वहीत बघून हाताने टाकतात आणि पुढे जातात. बऱ्याचदा त्यात काही बिघडत नाही. पण ब्राउझर गप्प बसण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांतले एक कारण तुमची शिल्लक रिकामी करू शकते. म्हणून पासवर्ड टाकण्याआधी कारण कोणते ते बघायला हवे.

ब्राउझर पासवर्ड जतन करतो तेव्हा तो तीन गोष्टी एकत्र ठेवतो: वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि संकेतस्थळाचा पत्ता. यांतला पत्ता सर्वांत महत्त्वाचा. पानावर बँकेचे बोधचिन्ह आहे का, रंग तोच आहे का, याच्याशी ब्राउझरला देणेघेणे नसते. वरच्या पट्टीतला पत्ता जतन केलेल्या पत्त्याशी जुळला तरच तो पासवर्ड पुढे करतो. माणसाचा डोळा हुबेहूब पानाला फसतो, ब्राउझर असा फसत नाही. त्यामुळे एरवी पासवर्ड भरून देणारा ब्राउझर अचानक थांबला, तर पहिला प्रश्न हाच विचारा: मी त्याच पत्त्यावर आहे का?

पत्ता बदलण्याचे एक अगदी वैध कारणही आहे. रिझर्व्ह बँकेने 22 एप्रिल 2025 च्या परिपत्रकाने देशातल्या बँकांना आपली संकेतस्थळे `.bank.in` या शेवटाच्या पत्त्यावर 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत नेण्यास सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो आणि त्याची नोंदणी आयडीआरबीटी ही एकच संस्था करते. हेतू असा की कोणीही उठून बँकेसारखे नाव विकत घेऊ नये. पण याचा एक परिणाम खातेदारांना कोणी समजावून सांगितला नाही. जुन्या पत्त्यासाठी जतन केलेला पासवर्ड ब्राउझर नव्या पत्त्यावर भरत नाही. त्याच्या दृष्टीने ते वेगळे घर आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, वडोदऱ्यात राहणाऱ्या एका निवृत्त खातेदारांचे बचत खाते 'नमुना बँके'त आहे. त्यांनी पूर्वी `netbanking.namunabank.com` या पत्त्यावर पासवर्ड जतन केला होता. आज त्यांना एसएमएस येतो की बँकेचे संकेतस्थळ बदलले आहे, खालील दुव्यावरून लॉगिन करा. पान उघडते, रंग तेच, बोधचिन्ह तेच, पण पासवर्डचा चौकोन रिकामा. पत्त्याच्या पट्टीत दिसते:

```
https://namuna.bank.in.example.com/login
```

यात `namuna.bank.in` ही अक्षरे आहेत, म्हणून पत्ता खरा वाटतो. पण पत्ता वाचायचा असतो उजवीकडून. `https://` नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधीचे शब्द बघा. इथे ते आहेत `example.com`. म्हणजे हे घर `example.com` चे आहे आणि पुढे लावलेली बँकेची पाटी कोणीही लावू शकतो. खरा पत्ता असता तर त्या रेघेच्या आधी `bank.in` हाच शेवट असता, जसे `https://namuna.bank.in/login`. शेजारी कुलपाचे चिन्ह आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ते एवढेच सांगते की वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसले आहे ते सांगत नाही. बनावट पानांनाही कुलूप असते.

या खातेदारांना ब्राउझरच्या यादीत खात्री करता येते. संगणकावर क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत `chrome://password-manager/passwords` टाकले की जतन केलेल्या पासवर्डांची यादी उघडते. फायरफॉक्समध्ये त्यासाठी `about:logins` टाकायचे. मोबाइलच्या क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून `Settings` आणि तिथून `Google Password Manager` उघडा. यादीत बँकेची नोंद सापडली तर तिच्यापुढचा पत्ता आणि पट्टीतला पत्ता शेजारी ठेवून वाचा. दोन्ही वेगळे असतील तर तिथेच थांबा. बँकेने पत्ता खरोखर बदलला आहे का, हे एसएमएसमधल्या दुव्यावरून ठरवायचे नाही. जुना पत्ता स्वतः टाइप करून तो कुठे नेतो ते पाहा, किंवा शाखेत विचारा. पत्ता खरोखर बदलला असेल, तर नव्या पत्त्यावर एकदा हाताने लॉगिन करा आणि यादीतली जुनी नोंद काढून टाका.

पत्ता जुळतो, तरीही ब्राउझर गप्प

आता दुसरी शक्यता. पत्ता अक्षरशः तोच आहे, पान खरे आहे, पण ब्राउझर जतन करायला विचारतच नाही. आधी आपल्याच बाजूला बघा. पूर्वी कधीतरी विचारणा झाली तेव्हा घाईत `Never` दाबले गेले असेल, तर ब्राउझर त्या पानावर पुन्हा विचारत नाही. क्रोमच्या पासवर्ड यादीच्या `Settings` मध्ये `Declined sites and apps` असा भाग असतो. तिथे बँकेचा पत्ता दिसला, तर कारण सापडले. तो काढून टाकला की विचारणा पुन्हा सुरू होते.

तिथे काही नसेल, तर बहुधा बँकेनेच पान तसे बनवले आहे. याच्या पद्धती अनेक आहेत. सर्वांत जुनी म्हणजे पासवर्डच्या चौकोनाला `autocomplete="off"` अशी सूचना लावणे. मात्र आजचे मोठे ब्राउझर लॉगिनच्या चौकोनांबाबत ही सूचना बहुतेक वेळा जुमानत नाहीत. त्यामुळे संकेतस्थळे इतर युक्त्या करतात. ग्राहक क्रमांक एका पानावर आणि पासवर्ड दुसऱ्या पानावर मागितला, की ब्राउझरला दोघांची जोडी लावणे अवघड जाते. चौकोन साध्या मजकुराचा ठेवून वर फक्त ठिपके दाखवले, तर तो पासवर्डचा चौकोन आहे हे ब्राउझरला ओळखूच येत नाही. काही बँका पडद्यावरच्या कळफलकावर बोटाने किंवा माउसने अक्षरे दाबायला लावतात. हा कळफलक आला तो संगणकात लपून प्रत्येक कळ टिपणाऱ्या घातक प्रोग्रॅमला चकवण्यासाठी. पण त्यामुळे ब्राउझरचाही गोंधळ होतो.

एक पद्धत मात्र खातेदाराला थेट त्रास देते. काही पाने तुमचा पासवर्ड पाठवण्याआधी त्याच चौकोनात त्याचे रूपांतर अक्षरे आणि आकड्यांच्या लांबलचक साखळीत करतात. ब्राउझर नेमक्या त्या क्षणी जतन करायला विचारतो, तुम्ही `Save` दाबता, आणि जतन होते ती साखळी. पुढच्या वेळी चौकोनात नेहमीपेक्षा खूप जास्त ठिपके दिसतात आणि 'पासवर्ड चुकीचा' असे उत्तर येते. पुन्हा दाबाल, पुन्हा तेच. मोजके चुकीचे प्रयत्न झाले की बँक लॉगिन बंद करते. तेव्हा एकदा नकार आला की थांबा, यादी उघडून डोळ्याच्या चिन्हावर दाबा आणि जतन झालेला पासवर्ड वाचा. तुम्ही कधीच न टाकलेली साखळी दिसली तर ती नोंद पुसून टाका.

बँका हे का करतात? घरातला संगणक एक आणि वापरणारे पाच, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती. शिवाय पासवर्ड त्या संगणकावरच राहतो असे नाही. ब्राउझरमध्ये मुलाचे गूगल खाते जोडलेले असेल आणि त्यात समक्रमण चालू असेल, तर वडिलांनी `Save` दाबलेला पासवर्ड मुलाच्या बंगळुरूतल्या मोबाइलवरही जातो आणि तो मोबाइल हरवला की तिथूनही धोका. सायबर कॅफे किंवा कार्यालयातल्या संगणकाबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे बँकेची भीती अगदी निराधार नाही.

तरी माझे मत असे की या अडवणुकीने फायद्याइतकेच नुकसानही होते. पासवर्ड भरून मिळत नाही म्हणून माणसे तो सोपा ठेवतात, सगळीकडे एकच वापरतात किंवा पासबुकाच्या आतल्या पानावर लिहितात. आणि सर्वांत मोठे नुकसान म्हणजे पत्ता तपासणारा तो पहारेकरीच नाहीसा होतो. खऱ्या पानावर रोज हाताने टाकायची सवय लागली, की बनावट पानावर रिकामा चौकोन दिसला तरी शंका येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 मध्येच सुचवले होते की संकेतस्थळांनी पासवर्ड चिकटवू द्यावा, कारण त्यामुळे पासवर्ड सांभाळणारी साधने वापरता येतात.

अशा पानासाठी पासवर्ड कुठे ठेवायचा? संगणक किंवा मोबाइल फक्त तुमचा असेल, त्याला कुलूप असेल आणि ब्राउझरला तुमचेच खाते जोडलेले असेल, तर यादीत `Add` दाबून बँकेचा पत्ता, ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड स्वतः नोंदवता येतो. पान भरू देत नसले, तरी यादीतून बघून टाकता येतो किंवा पान परवानगी देत असेल तर चिकटवता येतो. मात्र ही नोंद वापरताना पत्ता जुळवण्याचे काम ब्राउझर करत नाही, ते तुमच्याकडे येते. दर वेळी आधी पत्ता वाचा, मगच चिकटवा. एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन या यादीत ठेवू नका.

'कुठल्याही पानावर पासवर्ड भरून देतो' असे सांगणारी छोटी जोड-साधने ब्राउझरमध्ये बसवता येतात. बँकेसाठी ती नकोतच. बसवताना ती सर्व संकेतस्थळांवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतात. एक चौकोन भरून मिळावा म्हणून अनोळखी माणसाला तिजोरीसमोर उभे करण्यासारखे आहे ते.

आणि चुकीच्या पत्त्यावर पासवर्ड टाकून झालाच असेल, तर तो पुन्हा टाकून पाहू नका आणि तिथे ओटीपी मुळीच देऊ नका. बँकेच्या ॲपमधून किंवा स्वतः टाइप केलेल्या खऱ्या पत्त्यावरून लगेच पासवर्ड बदला. कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेले असतील तर त्याच वेळी 1930 वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते ती सुरुवातीच्या थोड्या वेळातच.